अण्णा पहाटे ड्यूटीवर निघतात: डिमेन्शियात घराबाहेर निघून जाणाऱ्या माणसाची काळजी

डिमेन्शिया झालेलं माणूस एकदा घराबाहेर निघून गेलं, की दुसऱ्या दिवशी घरात नवं कुलूप येतं. कुलूप आणणं चूक नाही. पण बहुतेक घरांत काळजीचा आराखडा त्या कुलपापाशीच थांबतो. माणूस निघालं कशासाठी होतं, हे कुणी विचारतच नाही. मग तेच माणूस दिवसभर दार वाजवत बसतं, संध्याकाळ झाली की चिडतं, आणि एके दिवशी दूधवाल्यासाठी दार उघडलेलं असताना निघून जातं.

हे दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या मते डिमेन्शिया असलेल्या दहा जणांपैकी सहा जण आजारपणात कधी ना कधी असे भरकटतात. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. ही माणसं बहुतांशी घरीच असतात आणि त्यांना घरातली माणसंच सांभाळतात.

अशा घरांत जाऊन काळजीची घडी बसवून देणं हे माझं काम. आराखडा कसा तयार होतो ते एका घराच्या उदाहरणाने सांगते. दोन-तीन घरांचे तपशील एकत्र करून, कुणी ओळखू येऊ नये इतके बदलून हे उदाहरण घेतलं आहे. चिंचवडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. अण्णा ७६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या. घरात मुलगा, सून आणि दहावीतला नातू, मुलगी नाशिकला. अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. एका महिन्यात अण्णा तीनदा घराबाहेर गेले, दोनदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी. दुसऱ्या वेळी ते हायवेच्या बसथांब्यावर सापडले. हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेला पेपर आणि टीव्हीचा रिमोट.

पाय शाबूत, दिशा गेलेली

अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांना सुरुवातीलाच इजा होते, त्यांतला एक भाग नव्या आठवणी साठवतो. त्याच्या शेजारचा भाग आपण कुठे आहोत आणि कुठून आलो याचा हिशेब ठेवतो. म्हणून वीस वर्षं राहिलेल्या गल्लीतसुद्धा माणूस वाट चुकतो. उलट चालणं, चपला घालणं, कडी काढणं, पिशवी घेऊन निघणं या हातापायांत मुरलेल्या सवयी पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. जुन्या आठवणीही टिकतात. धोका या जोडीतच आहे. शरीर निघू शकतं, जायचं कुठे हेही त्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या हिशेबाने पक्कं ठाऊक असतं, फक्त परतीची वाट सापडत नाही.

घरचे म्हणतात, ‘उगाच भटकतात.’ उगाच क्वचितच असतं. कुणाला लघवीला जायचं असतं आणि संडास सापडत नाही. कुणाला भूक लागलेली असते, कुणाचं पोट दुखतं पण सांगता येत नाही. कुणी गेलेल्या आईला शोधत असतं. कुणी निव्वळ कंटाळलेलं असतं. आणि काही वेळा भरकटणं असं काही नसतंच. रोजच्यासारखे दूध आणायला जातात आणि त्या दिवशी वळण चुकतात. ‘आजवर कधी चुकले नाहीत’ हा भरवसा म्हणूनच फसवा असतो. निदान झालं, की एकट्याने बाहेर जाणं कधी आणि कसं कमी करायचं याची बोलणी त्या माणसाला समजत असतानाच करावीत. गळ्यात किंवा मनगटात काय घातलेलं चालेल, हेही तेव्हाच विचारावं. पुढे विचारायला उशीर झालेला असतो.

भरकटणं एकाएकी सुरू झालं किंवा दोन-चार दिवसांत फार वाढलं, तर मात्र आराखडा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कुठेतरी मुका मार, किंवा नवी गोळी यामुळे डिमेन्शियाचा रुग्ण एका रात्रीत बदलतो. सर्दीसाठी दुकानातून आणलेली साधी झोप आणणारी गोळीसुद्धा या वयात डोकं गोंधळवते.

पंधरा दिवसांची वही

अण्णांच्या सुनेला मी पहिल्या भेटीत एकच काम सांगितलं: शंभर पानी वही घ्यायची आणि पंधरा दिवस लिहायचं. अण्णा दाराकडे गेले की वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, ते काय म्हणाले, अंगावर आणि हातात काय होतं, आणि कशाने थांबले. पाच गोष्टी, दोन ओळींत. सून म्हणाली, ‘लिहायला वेळ कुठाय?’ खरं होतं. मग रात्रीचं नातवाने लिहायचं ठरलं, दिवसाचं तिने मोबाइलवर बोलून ठेवायचं.

पंधरा दिवसांनी वहीत दोन वेळा ठळक दिसल्या. एक पहाटे चार ते साडेचार, दुसरी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. आणि या दोन्हींची कारणं अगदी वेगळी निघाली.

पहाटेच्या नोंदी नातवाच्या होत्या. अण्णा उठतात, पॅसेजमध्ये येतात, भिंत चाचपतात. संडासाचं दार बंद, आत अंधार. समोर मात्र मुख्य दाराच्या फटीतून जिन्यातल्या दिव्याचा उजेड. ते उजेडाकडे जातात. दाराशी चपला, खुंटीला पिशवी. ‘पहिली गाडी माझीये,’ म्हणतात आणि कडी काढतात. म्हणजे झोपेतून उठवत होती ती लघवी. पहाटेची ड्यूटी आठवत होती ती चपला, पिशवी आणि पहाटेची वेळ पाहून. घरचे मात्र इतके दिवस त्यांना ‘तुम्ही आता रिटायर झालात’ हे पटवत होते.

मग औषधांची पिशवी पाहिली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती गोळी रात्री जेवणानंतर दिली जात होती. डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी ती सकाळी न्याहरीनंतर द्यायला सांगितली. अशी अदलाबदल आपल्या मनाने करायची नसते, पण विचारायला हरकत नसते. चहा सातनंतर बंद, पाणी मात्र दिवसभरात भरपूर, कारण पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ आणि गोंधळ दोन्ही वाढतात. झोपण्यापूर्वी संडासला नेऊन आणायचं. संडासाचं दार रात्रभर उघडं, आत दिवा चालू, पलंगापासून तिथपर्यंत जमिनीलगत दोन छोटे नाइट लॅम्प. मुख्य दाराच्या फटीला रबरी पट्टी, म्हणजे जिन्यातला उजेड आत यायला नको. चपला आणि पिशवी कपाटात. या सगळ्याला हजार रुपयेही लागले नाहीत. पहाटेच्या नोंदी पुढच्या पंधरवड्यात जवळपास थांबल्या. अण्णा उठायचे, पण उजेड पाहून संडासात जायचे आणि परत येऊन झोपायचे.

संध्याकाळची गोष्ट इतकी सरळ नव्हती. उन्हं उतरली की अण्णा अस्वस्थ होत, येरझाऱ्या घालत आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणत. दिवस मावळताना डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची घालमेल वाढते. दिवसभराचा थकवा, सावल्या, कमी उजेड, घरात परतणाऱ्यांची वर्दळ, सगळं एकदम येतं. त्यात सून त्याच वेळी स्वयंपाकाला लागलेली. ‘हेच तुमचं घर आहे’ असं सांगितलं की अण्णा आणखी चिडायचे. त्यांच्या लेखी घर म्हणजे गावचं घर, पत्नी असलेलं.

इथे वाद जिंकायचा नाही. ‘घरी कोण कोण असायचं, अण्णा?’ असं विचारायचं, दोन मिनिटं ऐकायचं, मग ‘चला, चक्कर मारून येऊ’ म्हणून बरोबर निघायचं. पण त्याहून चांगलं म्हणजे साडेपाचची वाट न बघता साडेचारलाच बाहेर पडायचं. नातू क्लासवरून आला की आजोबांना सोसायटीच्या आवारात अर्धा-पाऊण तास फिरवतो, येताना टपरीवर चहा. ज्याला चालायचंच आहे त्याला चालू दिलं की दाराचा ओढा कमी होतो. पावणेसहाला घरातले सगळे दिवे लावायचे. साडेपाचला लेक नाशिकहून व्हिडिओ कॉल करते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, अशी हाताला कामं ठेवली. अण्णांना सगळ्यात आवडलं ते सुटी नाणी वेगळी करून रास लावणं. संध्याकाळची अस्वस्थता पूर्ण गेली नाही, आठवड्यातून एखादा वाईट दिवस येतोच. पण तो आता एखादाच असतो.

औषधाबद्दलही बोलायला हवं, कारण ‘झोपेची गोळी द्या’ ही मागणी प्रत्येक घरात होते. भरकटणं थांबवणारं औषध नाही. झोपेच्या गोळीने माणूस चालायचा थांबत नाही, तो झोकांड्या देत चालतो आणि पडतो. मानसिक आजारांत देतात त्या काही तीव्र गोळ्या वयस्क डिमेन्शिया रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. शिवाय त्यांतल्या काहींमुळे पायांना अशी बेचैनी येते की माणूस एका जागी बसूच शकत नाही. घरचे त्याला आजार वाढला समजतात आणि डोस वाढवून मागतात. मारहाण, तीव्र भास अशा प्रसंगी डॉक्टर या गोळ्या थोड्या काळासाठी देतात, ते वेगळं. गोळी सुरू केल्यावर येरझाऱ्या वाढल्या तर तारीख घालून वहीत लिहावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

दार

आता कुलूप. डिमेन्शियातलं माणूस जिथे हात जायची सवय आहे तिथेच कडी शोधतं. म्हणून जास्तीची कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला किंवा अगदी खाली बसवली तर ती बऱ्याचदा त्याच्या ध्यानात येत नाही. दाराच्या रंगाचाच पडदा दारावर सोडला तर कित्येकांना ते दार वाटतच नाही. दाराला चुंबकाचा छोटा सेन्सर लावावा; दार उघडलं की आत बेल वाजते, काही शे रुपयांत मिळतो. अण्णांकडे बेल मुलाच्या खोलीत वाजते, अण्णांच्या नव्हे. बेलच्या आवाजाने दचकून ते धावायला नकोत.

दारापुढे काळं पायपुसणं टाकावं, रुग्णाला तो खड्डा वाटतो आणि तो ओलांडत नाही, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिसतो. काहींच्या बाबतीत हे चालतं. मला ते पटत नाही. घाबरून थबकलेलं माणूस तोल जाऊन पडू शकतं, आणि कुणी उडी मारायचा प्रयत्न करतं.

एक नियम मात्र मोडू नये. रुग्णाला घरात एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावायचं नाही. ‘दहा मिनिटांत येते’ म्हणूनही नाही. आग लागली, गॅस सुटला, पडले, तर आतून दार उघडणारं कुणी नसतं, आणि बंद दार बघून घाबरलेलं माणूस बाल्कनीतून वाट शोधतं. आतली जास्तीची कडी घरातल्या प्रत्येकाला अंधारात उघडता आली पाहिजे. बाल्कनीला जाळी, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, स्कूटर-गाडीच्या किल्ल्या नजरेआड. निवृत्त ड्रायव्हरच्या घरात हे शेवटचं आधी करायचं.

मग येतो वॉचमन. अण्णांचा मुलगा इथे अडला. ‘सोसायटीत सगळ्यांना सांगायचं? लोक काय म्हणतील?’ त्याचा संकोच मी समजू शकते. वडिलांना या सोसायटीत मान होता. पण दोनदा वॉचमननेच अण्णांना गेट उघडून दिलं होतं, वर ‘नमस्कार’ही केला होता. कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. शेवटी मुलाने दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना, समोरच्या टपरीवाल्याला, रिक्षा स्टँडवरच्या दोघांना आणि औषधाच्या दुकानात अण्णांचा फोटो आणि दोन नंबर दिले. आजाराचं नाव सांगितलं नाही. ‘अण्णांना वाट लक्षात राहत नाही’ एवढंच. तेवढं पुरतं.

वॉचमनला काय करायचं तेही सांगावं लागतं. मागून हाक मारायची नाही, दंड धरायचा नाही, ‘कुठे चाललात?’ असं दरडावायचं नाही. समोरून यायचं, नाव घ्यायचं, ‘अण्णा, गाडीला वेळ आहे, चहा घेऊ’ असं काही बोलून बसवायचं आणि फोन लावायचा. थांबतच नसतील तर शेजारून चालत राहायचं, एकटं सोडायचं नाही. आमच्या वॉचमनदादांनी हे मनावर घेतलं. केबिनमध्ये त्यांनी अण्णांसाठी एक खुर्चीच ठेवली.

ओळख अंगावर हवी

खिशातलं कार्ड टिकत नाही. रुग्ण खिसे उचकतात, सदरे बदलतात. अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतल्या बाजूला, मानेपाशी, कापडाची पट्टी शिवली आहे. धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने त्यावर पहिलं नाव आणि दोन मोबाइल नंबर. पूर्ण पत्ता लिहू नये. अनोळखी हातात पत्ता आणि ‘एकटा वृद्ध’ ही माहिती देण्यात धोका आहे. दुसरा नंबर शक्यतो त्याच घरातला नसावा, म्हणजे सगळे शोधायला बाहेर पडले तरी फोन कुणीतरी उचलेल. स्टीलचं कडं किंवा लॉकेट, त्यावर कोरलेला नंबर, हेही चांगलं. क्यूआर कोडचं लॉकेट घ्यायचं तर त्यावर नंबर साध्या अंकांतही हवा, कारण सापडलेल्या माणसाजवळ उभ्या असलेल्या आजीबाईंना स्कॅन करता येईलच असं नाही. रुग्ण बाई असेल तर अंगावरचं सोनं हळूहळू कमी करून तशाच घडणीचं खोटं घालावं.

जीपीएसचं घड्याळ उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. ते रोज चार्ज करावं लागतं, आत सिम असेल तर रिचार्ज संपतं, लिफ्टमध्ये आणि तळघरात ठावठिकाणा चुकतो. किल्लीला लावायचे स्वस्त टॅग ही वेगळी गोष्ट आहे. आसपासच्या लोकांच्या मोबाइलवरून ते ठिकाण कळवतात, त्यामुळे निर्मनुष्य जागी गप्प बसतात. अण्णांनी आयुष्यभर डाव्या मनगटात घड्याळ बांधलं होतं, म्हणून घड्याळच निवडलं. ते चार्जिंगला लावायचं काम नातवाचं, अण्णा झोपल्यावर. उठायच्या आत परत मनगटात. विकत आणल्यावर मुलाने स्वतः ते बांधून हायवेपर्यंत चालून पाहिलं, फोनवर ठिकाण किती उशिरा येतं ते बघितलं. अशी चाचणी फार थोडे लोक करतात.

सापडत नसतील तेव्हा

इतकं करूनही माणूस निघून जाऊ शकतं. त्यासाठी एक कागद तयार हवा. इंग्लंडमध्ये यासाठी ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म आहे. नॉर्मंडीच्या लढाईत लढलेले आणि पुढे डिमेन्शियामुळे बेपत्ता झालेले सैनिक जॉर्ज हर्बर्ट यांच्या नावाचा. कुटुंब तो आधीच भरून ठेवतं आणि वेळ आली की पोलिसांच्या हाती देतं. तसा कागद आपल्याला घरी करता येतो. अलीकडचा समोरून काढलेला फोटो, उंची, बांधा, अंगावरची खूण, कोणत्या हाकेला ओ देतात, कोणती भाषा बोलतात, औषधं, फोन नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने पत्ते: जन्मगाव, पूर्वीची घरं, नोकरीच्या जागा, रोजचं देऊळ. अण्णांच्या कागदावर पहिली ओळ आहे ‘एसटी स्टँड’. त्या दिवशी अंगावर काय होतं हे घाबरलेल्या घराला कधीच आठवत नाही, म्हणून सून रोज सकाळी आंघोळीनंतर अण्णांचा एक फोटो काढते.

माणूस दिसत नाही हे लक्षात आलं की पहिली पाच मिनिटं घरात आणि इमारतीत: संडास, पलंगामागे, गच्ची, लिफ्ट, जिन्याखालची जागा, पार्किंग, उभ्या गाड्यांच्या मागच्या सीटा. त्याच वेळी एक जण गेटवर विचारतो. सापडले नाहीत तर पंधरा मिनिटांच्या आत ११२ ला फोन. चोवीस तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. फोनवर ‘हरवलेत’ एवढंच न म्हणता ‘स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आहेत, स्वतःचं नाव-पत्ता सांगू शकत नाहीत’ असं स्पष्ट सांगावं. जोखीम किती आहे ते त्यावरून ठरतं. मग एकाने कागद घेऊन ठाण्यात जाऊन मिसिंगची तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. रेल्वेकडे गेल्याची शंका असेल तर १३९. एक जण घरीच थांबतो, कारण काही जण आपसूक परत येतात.

बाकीचे शोधायला निघतात, पण अंदाधुंद नाही. आधी जिथे जीव जाऊ शकतो त्या जागा: नदी, नाला, विहीर, उघडी टाकी, रेल्वे रूळ, मोठा रस्ता. मग कागदावरच्या जुन्या जागा. डिमेन्शियातलं माणूस सहसा समोर वाट असेल तोवर चालत राहतं आणि कुठेतरी अडकलं की तिथेच बसतं. ते मदत मागत नाही, हाकेला ओही देईल असं नाही. म्हणून नुसत्या हाका मारत पुढे जाऊ नये. कुंपणाच्या कोपऱ्यात, झुडपात, बांधकामाच्या जागेत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर डोळ्यांनी बघावं. असं बरंच शोधून शेवटी घरापासून हाकेच्या अंतरावर सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. गेट आणि दुकानांच्या सीसीटीव्हीवरून निदान निघाले कोणत्या दिशेला ते कळतं.

व्हॉट्सॲपवर संदेश एकानेच तयार करावा, त्यात तारीख, वेळ आणि एकच नंबर. ‘सापडलेत, आधी पैसे पाठवा’ असे फोन येऊ शकतात. फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागावा आणि पोलिसांना सांगावं. माणूस सापडलं की त्याच ग्रुपांवर तसं कळवावं, नाहीतर तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर, रस्त्यात गोंधळलेला वृद्ध दिसला तर आपणही ११२ ला कळवू शकतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ अशा प्रसंगी मार्ग सांगते. स्मृती आणि जागेचं भान गेल्यामुळे रस्त्यावर भरकटणाऱ्या माणसाला संरक्षण देणं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० नुसार पोलिसांचं कर्तव्य ठरतं.

परत आल्यावर रागावू नये. त्यांना आपण काही चुकलो हे आठवत नसतं, तुमचा चढलेला आवाज मात्र मनात राहतो. पाणी द्यावं, तळपाय बघावेत, डोक्याला मार आहे का ते चाचपावं, शंका असेल तर दवाखाना. आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहावं की वाट नेमकी कुठून मिळाली.

भार कुणावर

वर सांगितलेली कामं कोण करतं, हे मी प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवते. अण्णांकडे पहिल्या यादीत सगळीकडे सुनेचंच नाव निघालं. ती पहाटे चारला उठत होती, दिवसा अर्धा वेळ नोकरी करत होती आणि संध्याकाळी एका डोळ्याने दार बघत भाजी फोडणीला टाकत होती. कुणी बोलत नव्हतं, पण आराखड्यातली सगळ्यात कच्ची कडी तीच होती. झोप न झालेल्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नाही.

म्हणून कामं नावानिशी वाटली. रात्रीची बेल मुलाची. संध्याकाळची चक्कर आणि घड्याळ नातवाचं. पण दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात शेजारचे निवृत्त काका फिरवतील, हेही आधीच ठरलं. औषधं मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, कागद आणि फोटो अद्ययावत ठेवणं हे नाशिकच्या लेकीचं. लांब राहणाऱ्यांना नुसत्या सूचना देण्याऐवजी असं काम दिलं की त्यांच्या सूचना आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव. महिन्यातून एक शनिवार-रविवार ती येऊन राहते आणि सून माहेरी जाते. सकाळी चार तासांसाठी ब्युरोतून मावशी येतात. त्यांना पहिल्या दिवशी काम सांगण्याआधी वही वाचून दाखवली. आणि अंघोळ-जेवणाआधी दाराची वरची कडी कशी लागते ते.

घरच्यांना असा आधार मिळाला तर फरक पडतो, हे आपल्या शेजारीच पडताळून पाहिलेलं आहे. गोव्यात स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी पाठवण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आजाराची माहिती, वागणुकीतल्या अडचणींवर सल्ला, कामांची विभागणी असं साधंच त्यांचं काम होतं. त्यातून सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं दिसलं. रुग्णाची वागणूकही सुधारेल अशी आशा होती, पण तिथे ठाम फरक दिसला नाही. घरच्यांना मी हे दोन्ही सांगते.

आराखडा दर तीन महिन्यांनी बदलतो. अण्णांची चाल आता मंदावली आहे, उजवा पाय किंचित ओढतात. येत्या भेटीत बाहेर जाण्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा धरायचा आहे: पॅसेजमधलं जाजम काढणं, संडासात आडवा दांडा बसवणं, मागून बंद होणाऱ्या चपला. आणि मुलाने स्वतःहून काढलेला विषय. रात्री कुणालाच झोप मिळेनाशी झाली तर संस्थेत ठेवायचं का? त्याने दोन जागा पाहिल्या आहेत. त्याला मी चार प्रश्न लिहून दिले: रात्री किती रुग्णांमागे किती माणसं जागी असतात, फिरायला आतच मोकळं बंदिस्त आवार आहे का, रुग्णाला कधी बांधून ठेवता का, आणि कुणी निघून गेलं तर पहिला फोन कुणाला करता.